तीन प्लांट, पदनाम एकच: जेडींमधून पात्रता, काम आणि रिपोर्टिंग वेगळं कसं काढायचं?

मयुरा_वास्को

नमस्कार मंडळी. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत एचआरला आहे. आमचे गोव्यात तीन प्लांट आहेत: वेर्णा, कुंडई आणि तुये. तिन्हीकडे गुणवत्ता विभागात ‘एक्झिक्युटिव्ह क्यूए’ हे पद आहे. जेडी, म्हणजे पदाची पात्रता आणि कामं लिहिलेले कागद, मात्र वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या साहेबांनी लिहिल्या आहेत. आता वरून विचारणा आली आहे की ही तीन पदं खरंच एक आहेत का, आणि वेर्ण्याचा माणूस तुयेला बदलून गेला तर त्याला नव्याने काय शिकवावं लागेल.

क्यूए विभागाच्या वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या जेडी माझ्यापुढे आहेत. काही वर्डमध्ये, काही सही-शिक्क्याच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. मी एक्सेलमध्ये तीन रकाने केले: पात्रता, जबाबदाऱ्या, रिपोर्टिंग. त्यात मजकूर जसाच्या तसा चिकटवला. आता एकेका चौकटीत पानभर मजकूर झालाय आणि शेजारी शेजारी ठेवूनही काही दिसत नाही. कोणी असं काम केलंय का? सुरुवात कुठून करू?

कुंडईकर

मी प्रॉडक्शनला आहे, पण आमच्याकडे असं झालं होतं. सोपं आहे. तिन्ही जेडींतले मुद्दे मोजा आणि सारखे शब्द किती ते बघा. लाइन क्लिअरन्स, डेव्हिएशन, एसओपी, ट्रेनिंग अशा महत्त्वाच्या शब्दांची यादी करा आणि कुठल्या जेडीत कुठला शब्द आहे त्यावर खूण करा. दोन जेडींत बहुतेक खुणा जुळल्या तर पद एकच. दोन तासांत काम होईल.

पणजीचा_बाबू

मयुराताई, माझा भाचा बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, गेल्या वर्षीच पास झाला. तुये जवळ पडेल, आमचं घर पेडण्यात. क्यूएला जागा आहे का? कुठे अर्ज करायचा?

मयुरा_वास्को

बाबूभाऊ, हा भरतीचा धागा नाही. आहेत त्या पदांची तुलना चालली आहे. जागा निघाली तर कंपनीच्या संकेतस्थळावर येईलच.

कुंडईकर, खुणांचा प्रयोग करून पाहिला. तिन्हीकडे ‘डेव्हिएशन’ शब्द आहे म्हणून तिन्हीकडे खूण झाली. पण वेर्ण्याचा माणूस डेव्हिएशन, म्हणजे ठरल्या पद्धतीपासून झालेला फरक, लिहून काढतो आणि कुंडईचा ते बंद करतो असं वाटतंय. खुणेत हा फरक हरवतो.

जुना_क्यूएवाला

मयुरा, शेवटच्या दोन वाक्यांत तू तुझ्याच प्रश्नाचं उत्तर दिलंस. मी उभा जन्म क्यूएत काढला, आता निवृत्त होऊन फोंड्याला असतो. असल्या जेडी लिहिल्यात, तपासल्यात आणि ऑडिटरसमोर त्यांची उत्तरंही दिलीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जबाबदाऱ्या, कारण तिथेच सगळं अडतं. मुद्द्याला मुद्दा लावू नकोस. एकेका मुद्द्यात तीन तीन कामं कोंबलेली असतात. ‘बॅच रेकॉर्ड तपासणे, त्रुटी नोंदवणे व संबंधितांकडून दुरुस्त करून घेणे’ हा एक मुद्दा नाही, ही तीन कामं आहेत. प्रत्येक कामाची वेगळी ओळ कर. त्या ओळीत दोनच गोष्टी ठेव: करतो काय, आणि कशावर करतो. ‘कशावर’ म्हणजे लाइन क्लिअरन्स, बॅच रेकॉर्ड, डेव्हिएशन, चेंज कंट्रोल. ‘करतो काय’ याच्या आमच्या धंद्यात पाचच पायऱ्या पुरतात: मदत करतो, स्वतः करतो किंवा लिहितो, तपासतो, मंजूर करतो, नाकारू शकतो. तुलना पायरीची करायची. तिन्हीकडे डेव्हिएशन आहे, पण एकाची पायरी ‘लिहितो’ आणि दुसऱ्याची ‘तपासतो’ असेल तर ती दोन वेगळी कामं आहेत. ग्रेड त्यावरच ठरते.

यात एक क्रियापद फार त्रास देईल. प्रत्येक जेडीत ‘एन्शुअर’ असतं. ‘टू एन्शुअर लाइन क्लिअरन्स’ म्हणजे माणूस स्वतः मशीनपाशी जाऊन आधीच्या बॅचचं लेबल, गोळी, भुकटी राहिली नाही ना हे बघतो, की दुसऱ्याने केलेल्या क्लिअरन्सवर सही करतो, की ते झालं की नाही एवढंच पाहतो? जेडीवरून कळत नाही. तिथे अंदाजाने पायरी देऊ नकोस. ‘अस्पष्ट’ लिही आणि विचारायची यादी वेगळी ठेव. ती यादी तुला पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

आणि ‘वरिष्ठांनी वेळोवेळी सांगितलेली इतर कामे’ ही ओळ सगळीकडे असते, ती काढून टाक. तसंच ‘जीएमपीचे पालन करणे’, ‘सुरक्षा नियम पाळणे’. प्लांटमधल्या प्रत्येक माणसाला लागू असलेल्या या ओळी ठेवल्यास तर कोणतीही दोन पदं सारखीच दिसतील. कुंडईकरांच्या खुणा जुळतात त्यामागे हेही एक कारण आहे.

कुंडईकर

मान्य, पायरीचा मुद्दा पटला. पण शब्दांची यादी अगदीच फुकट नाही. ‘कशावर’ या रकान्यासाठी ती लागेलच. एकाने ‘बीएमआर’ लिहिलं, दुसऱ्याने ‘बॅच रेकॉर्ड’ आणि तिसऱ्याने ‘एक्झिक्युटेड डॉक्युमेंट्स’, तर ते एकाच नावाखाली आणायला यादी पाहिजेच.

जुना_क्यूएवाला

बरोबर. फक्त ती यादी आधी करून जेडीवर लादायची नाही. जेडी वाचता वाचता वाढवायची. ‘एक्झिक्युटेड डॉक्युमेंट्स’मध्ये बॅच रेकॉर्डबरोबर उपकरणांची लॉगबुकंही येतात का, ते त्या प्लांटला विचारल्याशिवाय एका नावाखाली टाकू नका.

कळंगुटची_रेवती

मी हॉटेलात आहे, औषधातलं काही कळत नाही. पण रिपोर्टिंगचं बघून राहवलं नाही. आमच्या ग्रुपची दोन हॉटेलं आहेत आणि दोन्हीकडे नाइट ऑडिटर. एकीकडे तो फ्रंट ऑफिस मॅनेजरच्या हाताखाली, दुसरीकडे अकाउंट्सच्या. जेडीतली कामं जवळपास शब्दाला शब्द सारखी: दिवसाचा हिशोब बंद करणे, खोल्यांचं भाडं चढवणे, रिपोर्ट काढणे. तरी प्रत्यक्षात नोकऱ्या दोन. फ्रंट ऑफिसखालचा माणूस रात्री तीन वाजता चेक-इन करतो, पाहुण्याची तक्रार ऐकतो, मग उरलेल्या वेळात हिशोब. अकाउंट्सखालचा आधी हिशोब पुरा करतो आणि सकाळी तफावतीचा खुलासा देतो. रजा कोण मंजूर करतं आणि वर्षाचं मूल्यमापन कोण लिहितं, यावरून माणूस कुठल्या कामाला आधी हात घालतो ते ठरतं. म्हणून रिपोर्टिंग हा शेवटचा, किरकोळ रकाना समजू नका.

जुना_क्यूएवाला

रेवतीताई, नेमकं बोललात. औषध कंपनीत तर या रकान्याला कायद्याचीही बाजू आहे. औषध नियमावलीतल्या शेड्यूल एमप्रमाणे उत्पादनाचा प्रमुख आणि गुणवत्तेचा प्रमुख एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. जबाबदार माणसांची कामं लेखी असावीत हेही त्यात आहे. अमेरिकेला माल जात असेल तर तिथल्या नियमात, 21 CFR 211.22 मध्ये, माल मंजूर करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार गुणवत्ता विभागाला दिलेला आहे. म्हणून क्यूएच्या माणसाची रेघ वर कुठे जाते, हे ऑडिटर विचारतोच.

मयुरा, रिपोर्टिंगचा एक रकाना पुरणार नाही, तीन कर. रोजचं प्रशासन कोणाकडे, म्हणजे रजा, हजेरी, शिफ्ट. कामाचा निर्णय कोणाकडे, म्हणजे अडलं तर कोणाला विचारायचं आणि वरची सही कोणाची. आणि याच्या हाताखाली कोण. जेडीत ‘डॉटेड लाइन’ असं लिहिलेलं असेल तर ती यांपैकी कुठली हे ठरवल्याशिवाय भरू नकोस. एका कंपनीत डॉटेड म्हणजे कामाचा निर्णय, दुसरीत डॉटेड म्हणजे नुसती माहिती पाठवणं.

मयुरा_वास्को

धन्यवाद काका. आज तीन जेडी या पद्धतीने उलगडल्या. थोडक्यात लिहिते.

वेर्णा: बी.फार्म किंवा एम.एस्सी. व ३ वर्षांचा अनुभव. लाइन क्लिअरन्स, इन-प्रोसेस तपासण्या, बॅच रेकॉर्ड तपासणे, डेव्हिएशन लिहिणे. रिपोर्टिंग: असिस्टंट मॅनेजर क्यूए.

कुंडई: बी.फार्म, एम.फार्म किंवा एम.एस्सी., ३ ते ५ वर्षे. ‘रिव्ह्यू अँड क्लोजर ऑफ डेव्हिएशन्स’, चेंज कंट्रोल तपासणे, वार्षिक उत्पादन आढाव्याचा मसुदा. रिपोर्टिंग: मॅनेजर क्यूए, आणि कॉर्पोरेट क्वालिटीकडे डॉटेड.

तुये: विज्ञान पदवीधर किंवा समकक्ष, किमान २ वर्षे. ‘एन्शुअर लाइन क्लिअरन्स’, नमुने घेणे, बॅच रेकॉर्डच्या कोऱ्या प्रती देणे व परत घेणे, प्रशिक्षणाच्या नोंदी. रिपोर्टिंगची जागा कोरी.

तुयेची जागा कोरी कशी राहिली कळत नाही. बाकी जेडी नीट आहे.

आकडेमोड

मयुरा, तुयेची फाइल वर्डची आहे का? आणि तू Ctrl+A करून मजकूर उचललास का? तसं केल्यावर पानाच्या वरच्या पट्टीतला, म्हणजे हेडरमधला मजकूर येत नाही, फक्त आतला येतो. बऱ्याच कंपन्यांत जेडीच्या हेडरमध्येच तक्ता असतो: पदनाम, विभाग, कोणाला रिपोर्ट, रिव्हिजन क्रमांक, लागू तारीख. तो उघडून बघ. आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ हाताने टाइप कर. त्यातून मजकूर काढणाऱ्या प्रोग्रामने ‘किंवा’चं ‘व’ केलं, किंवा ३ चा ८ केला, तर ते कधीच लक्षात येणार नाही.

दुसरी सूचना: ‘कोरं’ आणि ‘नाही’ यांत फरक ठेव. जेडीत लिहिलेलं नसेल तर ‘नमूद नाही’. हाताखाली कोणी नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तर ‘नाही’. रिकामी चौकट ठेवायचीच नाही. नाहीतर महिन्याने बघशील तेव्हा भरायची राहिली की जेडीतच नव्हती, हे कळणार नाही. आणि प्रत्येक ओळीपुढे मूळ वाक्य व पान क्रमांक ठेव. कोणी हरकत घेतली की लगेच दाखवता येतं.

मयुरा_वास्को

हेडरमध्येच होतं! तुये: रिपोर्टिंग ‘प्लांट हेड’. रिव्हिजन ०२. बाकी दोन प्लांटच्या जेडी रिव्हिजन ०४ आणि ०५ आहेत.

पण प्लांट हेड? तुयेला मॅनेजर क्यूए आहेत की.

आकडेमोड

मग आता दोन्ही टोकांकडून जुळवून बघ. खालचा म्हणतो मी अमक्याला रिपोर्ट करतो, तर त्या अमक्याच्या जेडीत हाताखालच्यांच्या यादीत हा आहे का? डोळ्यांनी नको, सूत्राने. आधी प्रत्येक पदाला एक कोड दे, कारण एका जेडीत ‘सीनियर मॅनेजर क्यूए’, दुसरीत ‘सी. मॅनेजर - क्वालिटी अश्युरन्स’ असेल तर एक्सेलला ती दोन माणसं वाटतात. `Master` पानावर A रकान्यात पदाचा कोड, C रकान्यात वरिष्ठाचा कोड. `Down` पानावर A मध्ये वरिष्ठ, B मध्ये त्याच्या जेडीत लिहिलेला हाताखालचा, प्रत्येकाची वेगळी ओळ. मग `Master` वर:

```
=IF(COUNTIFS(Down!A:A,C2,Down!B:B,A2)=0,"तपासा","")
```

ही एक बाजू झाली. वरिष्ठ म्हणतो माझ्याखाली आहे, पण खालचा तसं म्हणत नाही, ही दुसरी बाजू. ती `Down` वर:

```
=IF(COUNTIFS(Master!A:A,B2,Master!C:C,A2)=0,"तपासा","")
```

कोडच्या मागे चुकून जागा सुटली असेल तरी ‘तपासा’ येईल, म्हणून आधी `TRIM` करून घे.

मयुरा_वास्को

चालवलं. वेर्णा आणि कुंडई जवळपास स्वच्छ आले. तुयेला ‘एक्झिक्युटिव्ह क्यूए’पुढे ‘तपासा’ आलं. जेडी म्हणते प्लांट हेडला रिपोर्ट. प्लांट हेडच्या जेडीत हाताखाली मॅनेजर क्यूए आहेत, हा नाही. मॅनेजर क्यूएंच्या जेडीत हाताखाली ‘ऑफिसर क्यूए’ आहेत, हा नाहीच. म्हणजे हा माणूस कागदावर कोणाचाच नाही.

जुना_क्यूएवाला

रिव्हिजन ०२ हेच कारण असण्याची शक्यता मोठी. प्लांट लहान होता, मॅनेजर क्यूएचं पद नव्हतं, तेव्हाची ती जेडी. पुढे पद निर्माण झालं, मॅनेजरांची नवी जेडी निघाली आणि खालच्याची बदलायची राहिली. लागू तारखा शेजारी लावून बघ. मॅनेजर क्यूएच्या पहिल्या जेडीची तारीख या ०२ नंतरची निघाली तर तुलनेआधी ती जेडी दुरुस्त करायला पाठव. जुन्या कागदाची नव्याशी तुलना करून निघालेला फरक हा कामातला फरक नसतो, तारखांमधला असतो.

आणि हे लांबणीवर टाकू नकोस. क्यूएचा माणूस थेट प्लांट हेडखाली असला म्हणजे लगेच नियम मोडला असं मी म्हणणार नाही. प्लांट हेडकडे नुसती हजेरी-रजा असू शकते. पण तुयेत उत्पादनही त्याच प्लांट हेडकडे जात असेल, आणि लाइन क्लिअरन्स नाकारणाऱ्या माणसाच्या कामाचा निर्णयही त्याच्याकडे असेल, तर ऑडिटर तिथे थांबेल. म्हणूनच वर तीन रकाने करायला सांगितले.

मयुरा_वास्को

तारखा पाहिल्या. मॅनेजरांची जेडी नंतरचीच. तुयेच्या क्यूएला कळवलं आहे. ते म्हणाले कामाचा निर्णय आधीपासून मॅनेजरांकडेच आहे, फक्त कागद राहिला. तुलनेत मी ती ओळ ‘जेडीत प्लांट हेड, दुरुस्ती प्रलंबित’ अशी ठेवली आहे.

सरकारी_निवृत्त

पात्रतेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या खात्यात भरती नियमांत अत्यावश्यक आणि इष्ट अशा दोन गोष्टी वेगळ्या असतात. गोवा सरकारच्या कुठल्याही जाहिरातीत बघा: कोकणीचे ज्ञान अत्यावश्यक, मराठीचे ज्ञान इष्ट. अत्यावश्यक नसेल तर अर्ज बाद. इष्ट नसेल तर बाद नाही. खाजगी कंपन्या ‘प्रिफर्ड’, ‘शुड हॅव’, ‘मस्ट’ सगळं एकाच वाक्यात घालतात. ते आधी वेगळं काढा.

मांडवीकाठ

मराठी इष्ट आणि कोकणी अत्यावश्यक का, यावरच एक धागा काढायला हवा. वर्षानुवर्षे...

मयुरा_वास्को

मांडवीकाठ, कृपा करून तो धागा वेगळा काढा. इथे नको.

सरकारी_निवृत्त, मुद्दा उपयोगाचा आहे. कुंडईच्या जेडीत ‘एम.फार्म प्रिफर्ड’ असं खाली लहान अक्षरांत आहे. मी ते पात्रतेत धरलं होतं, आता वेगळं काढते. म्हणजे कुंडईलाही किमान पात्रता बी.फार्म किंवा एम.एस्सी. एवढीच राहते आणि वेर्ण्याशी जुळते.

जुना_क्यूएवाला

अजून जुळत नाही. वेर्ण्याचं वाक्य पुन्हा वाच: ‘बी.फार्म किंवा एम.एस्सी. व ३ वर्षांचा अनुभव’. तीन वर्षं दोघांना लागतात की फक्त एम.एस्सी.ला? वाक्यावरून दोन्ही अर्थ निघतात. कोणता धरलास यावर तुलना पालटते. एका अर्थाने नुकता पास झालेला बी.फार्म पात्र ठरतो, दुसऱ्या अर्थाने नाही.

असे दोन मार्ग मुद्दाम ठेवायची आमच्या क्षेत्रात पद्धत आहे. औषध नियमावलीच्या नियम ७१ मध्ये उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक माणसासाठी फार्मसी पदवीधराला १८ महिन्यांचा अनुभव लागतो, आणि रसायनशास्त्र मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला ३ वर्षांचा. ते उत्पादनासाठी आहे, तुझ्या क्यूए एक्झिक्युटिव्हला थेट लागू नाही. पण जेडी लिहिणाऱ्याच्या डोक्यात तोच साचा असू शकतो. म्हणून पात्रतेचा प्रत्येक मार्ग वेगळ्या ओळीत टाक: पदवी, विषय, अनुभवाची वर्षं, अनुभव कशातला, अत्यावश्यक की इष्ट. वेर्ण्याच्या दोन ओळी होतील आणि बी.फार्मच्या ओळीत अनुभवापुढे ‘अस्पष्ट’ येईल.

तुयेच्या ‘समकक्ष’लाही तसंच कर. समकक्ष कोण ठरवणार हे जेडीत नसेल तर तो मार्ग तुलनेत घेऊ नकोस, प्रश्नांच्या यादीत टाक.

बी_शिफ्ट

मी यांतल्याच एका पदावर आहे. कुठल्या प्लांटला ते सांगत नाही. सगळं वाचलं. एक विचारतो, हे सगळं करून आमचं पद खाली आणणार का? जेडीत ‘असिस्ट’ लिहिलंय म्हणून पायरी ‘मदत करतो’ लावणार. पण रात्रीच्या शिफ्टला वर कोणी नसतं. लाइन थांबवायची की नाही ते मीच ठरवतो, सकाळी साहेबांना सांगतो. जेडी लिहिणारा दिवसपाळीत बसून लिहितो. तुमच्या तक्त्यात माझी रात्र कुठे येते?

कुंडईकर

हे खरं आहे. प्रॉडक्शनच्या बाजूने सांगतो, रात्री क्यूएच्या एक्झिक्युटिव्हने क्लिअरन्स दिला नाही तर आमचं मशीन उभं राहतं. त्या वेळी त्याचा शब्द शेवटचा असतो.

जुना_क्यूएवाला

बी_शिफ्ट, तुमची हरकत रास्त आहे. मी दोन्ही बाजू बघितल्यात. माझं मत असं की जेडीवरून काढलेला तक्ता जेडीचाच राहू द्यावा. त्यात ऐकीव माहिती मिसळली की कुठली गोष्ट कागदावरची आणि कुठली सांगण्यातली हे कळत नाही, आणि मग दोन्हींवरचा विश्वास जातो. पण तुम्ही जे सांगता ते दुसऱ्या रकान्यात यायलाच हवं: ‘प्रत्यक्षात’. आणि तो रकाना वरच्या साहेबाला विचारून भरायचा नाही. पदावरच्या माणसाला विचारून, शक्य तर सहीच्या कागदावरून भरायचा. रात्रीच्या लाइन क्लिअरन्सवर बॅच रेकॉर्डमध्ये तुमचीच सही आहे ना? मग पुरावा तोच. जेडी म्हणते ‘असिस्ट’ आणि रेकॉर्डवर क्लिअरन्स देणारा म्हणून तुमची सही, तर पद खाली जात नाही, जेडी वर आणावी लागते.

बी_शिफ्ट

सही माझीच असते. पण जेडी वर आणा म्हटलं की ग्रेडचा प्रश्न येतो, आणि तिथे फाइल थांबते. हे एचआरने लिहून द्यावं.

मयुरा_वास्को

ग्रेड माझ्या हातात नाही, खोटं आश्वासन देणार नाही. पण ‘प्रत्यक्षात’ हा रकाना अहवालात जाईल आणि त्यापुढे पुरावा म्हणून बॅच रेकॉर्ड असं लिहिलेलं असेल, हे माझ्या हातात आहे. ते करीन.

आकडेमोड

अहवालाआधी एक काम सुचवतो. तू भरलेल्या जेडींपैकी दोन-तीन दुसऱ्या कोणाला दे, तुझा तक्ता न दाखवता. त्याने आपल्या मनाने ओळी पाडाव्यात, पायऱ्या लावाव्यात. मग शेजारी ठेव. पदवी आणि वर्षं जुळतील. पायऱ्या कुठे जुळत नाहीत ते बघ. तू ‘तपासतो’ म्हटलंस आणि त्याने ‘मंजूर करतो’, तर दोघांपैकी कोण बरोबर हा प्रश्नच नाही. ते वाक्यच दोन अर्थांचं आहे आणि ते ‘अस्पष्ट’मध्ये जायला हवं.

मयुरा_वास्को

आमच्या ट्रेनिंगमधल्या सहकाऱ्याला वेर्णा आणि कुंडई दिल्या होत्या. अंदाज खरा ठरला, सगळी भांडणं एकाच ओळीवर: कुंडईचं ‘रिव्ह्यू अँड क्लोजर ऑफ डेव्हिएशन्स’. मी ‘मंजूर करतो’ लावलं, त्याने ‘तपासतो’.

ती ओळ सोडून आतापर्यंत निघालेलं चित्र असं. वेर्णा आणि तुये यांत लाइन क्लिअरन्स सारखं वाटतं, पण तुयेचं ‘एन्शुअर’ अजून विचारायचं आहे. तुयेला कोऱ्या बॅच रेकॉर्डच्या प्रती देण्याचं काम एक्झिक्युटिव्हकडे आहे, वेर्ण्याला त्यासाठी डॉक्युमेंट सेलचा वेगळा ऑफिसर आहे. म्हणजे वेर्ण्याहून तुयेला जाणाऱ्याला प्रती देणं-घेणं आणि नमुने घेणं शिकवावं लागेल. बदलीच्या प्रश्नाचं एवढं उत्तर तरी मिळालं. आणि कुंडईचं पद या दोघांशी जुळतच नाही. त्याची कामं वेर्ण्याच्या ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह क्यूए’शी जुळतात. पदनाम बघून तुलना केली असती तर ती जोडी समोर आलीच नसती, कारण वेर्ण्याच्या सीनियरची जेडी या तुलनेत घ्यायची हे कोणी सांगितलंच नव्हतं.

जुना_क्यूएवाला

शाब्बास. हीच जोडी महत्त्वाची.

डेव्हिएशन बंद करण्याबद्दल: जेडीवरून हे सुटणार नाही. डेव्हिएशन किरकोळ, मोठं आणि गंभीर असं वर्गीकरण बहुतेक ठिकाणी असतं. किरकोळ बंद करायला एक्झिक्युटिव्हची सही चालते का, आणि गंभीरला कोणाची लागते, हे कुंडईच्या डेव्हिएशनच्या एसओपीत सह्यांच्या तक्त्यात असेल. तो तक्ता मागव. एक्झिक्युटिव्ह फक्त कागद पुरे झाले का बघतो आणि शेवटची सही मॅनेजरची असेल तर तुझा सहकारी बरोबर. किरकोळवर त्याची शेवटची सही असेल तर एकाच ओळीच्या दोन ओळी होतील.

कळंगुटची_रेवती

इथे मला शंका आहे काका. तुम्हीच वर म्हणालात, जेडीचा तक्ता जेडीचाच राहू द्या. मग एसओपीतून पायरी आणली तर ती कुठल्या रकान्यात? उद्या एसओपी बदलली आणि जेडी तशीच राहिली, तर तुमचा तक्ता न सांगता चुकेल.

जुना_क्यूएवाला

मी ती जेडीच्या रकान्यात घेईन, कारण जेडी त्या एसओपीच्या आधारानेच चालते. शेजारी एसओपी क्रमांक आणि रिव्हिजन लिहीन.

आकडेमोड

मी रेवतीताईंच्या बाजूने. जेडीच्या रकान्यात ‘अस्पष्ट’च ठेवा, एसओपीची पायरी तिसऱ्या रकान्यात. रकाने वाढले तरी चालतील, पण कुठली गोष्ट कुठून आली ते मिसळायला नको.

मयुरा_वास्को

कुंडईकडे एसओपीचा सह्यांचा तक्ता मागितला आहे. तूर्तास आकडेमोड म्हणतात तसं तिसऱ्या रकान्यात ठेवते. तक्ता आला की इथे लिहीन. वेर्ण्याच्या बी.फार्मला तीन वर्षं लागतात की नाही हेही अजून क्यूएकडून यायचं आहे.

पणजीचा_बाबू

ताई, ते आलं की सांगा. मुलगी यंदा बी.फार्म होईल.